आवाजाला दचकणाऱ्या मुलीसाठी डफ निवडताना

आमची मुलगी मागच्या दिवाळीत एकोणीस महिन्यांची होती. तिला आवाजाचा त्रास होतो, हे तोवर घरातल्या सगळ्यांच्या लक्षात आले होते. कुकरची शिट्टी झाली, मिक्सर लागला किंवा गल्लीत सुतळी बॉम्ब वाजला की ती दोन्ही हात कानांवर दाबून धरायची आणि नंतर बराच वेळ कडेवरून खाली उतरायची नाही. त्याच दिवाळीत तिला बॅटरीवर चालणारा एक छोटा पियानो भेट मिळाला. त्याचे पहिले बटण दाबले गेले तेव्हा ती इतकी किंचाळली की माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि म्हणाल्या, "पोरले भ्याव वाटस, बंद करा ते." पियानो कपाटात गेला. मात्र याच मुलीला सासूबाई मांडीवर घेऊन पाठीवर थाप देत गाणे म्हणत, तेव्हा ती त्या ठेक्यावर मान हलवायची आणि थाप थांबली की त्यांचा हात धरून पुन्हा आपल्या पाठीवर ठेवायची. तिला ताल हवा होता, पण आवाज सोसत नव्हता. तिच्या हाताला ताल धरता येईल आणि कानाला इजा होणार नाही, असे एखादे खेळणे शोधायचे आम्ही ठरवले. त्यात नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंतचा काळ गेला. अशाच मुलांच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून तो सगळा प्रवास क्रमाने लिहीत आहे.

खेळणे घेण्याआधी कान तपासून घ्यावेत, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. कानात मळ साचला असेल, सर्दीनंतर पडद्यामागे पाणी राहिले असेल किंवा ऐकण्यातच काही फरक असेल, तर मुलाचे आवाजाशी वागणे बदलते, आणि ते कारण दूर न करता कितीही मऊ आवाजाचे खेळणे आणले तरी उपयोग होत नाही. सरकारी योजनेतून ही तपासणी होऊ शकते, हेही त्यांनीच सांगितले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे २०१३ पासून सुरू असलेल्या आरबीएसकेमध्ये, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या पथकाकडून संदर्भ चिठ्ठी मिळाली तर तिथले काम सोपे होते. आम्ही अंगणवाडीताईंना सांगून ठेवले आणि पथकाच्या पुढच्या भेटीत चिठ्ठी घेतली. सोबत मुलीचा जन्मदाखला, आईचे आधार कार्ड, लसीकरणाचे कार्ड आणि जन्मानंतर रुग्णालयाने दिलेला डिस्चार्ज कागद ठेवला. हा शेवटचा कागद फार उपयोगी पडला. बाळ वेळेआधी जन्मले होते का, काचेच्या पेटीत ठेवले होते का, कावीळ किती वाढली होती, हे प्रश्न ऐकण्याच्या तपासणीत हमखास विचारले जातात, आणि त्यांची उत्तरे त्या कागदावर लिहिलेली असतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही धुळ्याला जाऊन केसपेपर काढला. आधी कान-नाक-घसा विभागात डॉक्टरांनी दुर्बिणीतून कान पाहिले, थोडा मळ होता तो काढला आणि ऐकण्याच्या तपासणीसाठी नंतरची तारीख दिली. लहान मुलांची ही तपासणी गर्दीच्या दिवशी उरकता येत नाही, कारण मूल शांत असावे लागते. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी आम्हाला एक सूचना दिली, ती मी सगळ्यांना सांगते. ठरलेल्या दिवशी मुलाला सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठवावे, वाटेत गाडीत झोपू देऊ नये, आणि दूध किंवा जेवण तपासणीच्या खोलीबाहेर पोचल्यावरच द्यावे. म्हणजे ते पोट भरून पेंगायला लागते आणि कानात मऊ टोपण घालून होणाऱ्या तपासण्या त्या पेंगेत होऊन जातात. आम्ही शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावाहून धुळ्याला निघालो, तेव्हा तिला जागे ठेवण्यासाठी सबंध रस्ता तिचे बाबा तिच्याशी बोलत होते.

दोन तपासण्या झाल्या. पहिलीत कानात टोपण बसवून हवेचा दाब किंचित कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो त्याचा आलेख काढतात. त्यावरून पडद्यामागे पाणी आहे का ते कळते. दुसरीत अगदी बारीक टिकटिक कानात सोडतात आणि आतल्या कानाकडून येणारा प्रतिसाद यंत्र टिपते. दोन्ही कानांचे निकाल चांगले आले. त्या क्षणी मला जितके हायसे वाटले तितकाच गोंधळही झाला, कारण कान ठीक असतील तर ही घाबरते कशाला, हा प्रश्न तसाच उरला होता. मॅडमनी मग बराच वेळ तिच्या बोलण्याविषयी, हाक मारल्यावर वळून पाहण्याविषयी, बोट दाखवून वस्तू मागण्याविषयी विचारले, सगळी उत्तरे केसपेपरवर लिहिली आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले. काही मुलांना आवाज इतरांपेक्षा जास्त टोचतो, आणि तो कमी होईल की नाही हे आजच सांगता येणार नाही, असे त्या स्पष्टपणे म्हणाल्या. कान झाकणारे हेडफोनसारखे संरक्षक आम्ही घेऊ का, असे मी विचारले. फटाके किंवा डीजे यांसारख्या खरोखरच मोठ्या आवाजासाठी ते ठीक आहेत, पण घरात दिवसभर लावून ठेवले तर कानाला शांततेची सवय लागते आणि साधा आवाजही जास्त बोचू लागतो, असे त्यांचे उत्तर होते.

खेळण्याविषयी विचारल्यावर त्यांनी जे सांगितले, त्यावर आमची पुढची सगळी निवड उभी राहिली. आपण आवाज फक्त मोठा किंवा लहान असा मोजतो, पण अशा मुलांच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या असतात. आवाज किती अचानक सुरू होतो, तो किती बारीक म्हणजे उंच पट्टीचा आहे, आणि तो कोणाच्या हातात आहे. पत्र्यावर काठी पडली की आवाज एका झटक्यात शिखरावर पोचतो, तर कापडावर हात पडला की तोच आवाज जरा सावकाश उमटतो. लहान मुलाच्या कानाची नळी आखूड असते, त्यामुळे मोठ्या माणसांच्या तुलनेत अधिक उंच पट्टीचे आवाज तिच्यात घुमून वाढतात, आणि म्हणून आपल्याला साधी वाटणारी झांज त्याला जास्त टोचू शकते. आणि बटण दाबल्यावर आपोआप वाजत राहणाऱ्या खेळण्यात मुलाला आवाज थांबवता येत नाही. स्वतःच्या हाताने वाजवायच्या वाद्यात हात थांबला की आवाजही थांबतो. "ताई, तिला आवाजाचा मालक होऊ द्या," असे त्या म्हणाल्या. कानाला होणारी इजा आणि कानाला होणारा जाच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचा विचार वेगवेगळा करायचा, हेही त्यांच्याकडूनच समजले.

इजेचा हिशेब आकड्यांत मांडता येतो, म्हणून तो आधी केला. जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. खेळण्यांच्या मानकांत आवाज बहुधा ठरावीक अंतरावरून मोजतात. अमेरिकेच्या एएसटीएम एफ९६३ या मानकात बहुतेक खेळण्यांसाठी ते अंतर ५० सेंटिमीटर आहे. पण दीड वर्षाचे मूल खेळणे अर्ध्या मीटरवर धरत नाही. त्याचा हातच तेवढा लांब नसतो, आणि आवडलेली वस्तू ते थेट गालाला लावते. मी आमच्या मुलीचे वाकवलेले कोपर आणि कान यांतले अंतर टेपने मोजले, ते एका वितीपेक्षा थोडेच जास्त भरले. अंतर निम्मे झाले की लहान वस्तूचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, त्यामुळे अर्ध्या मीटरवरचा आकडा कानाजवळ सहज १० डेसिबलने मोठा होतो.

कपाटातला पियानो काढून, मुलगी शेजारी आत्याकडे असताना, मी फोनवरच्या आवाज मोजण्याच्या ॲपने तो मोजला. अर्ध्या मीटरवर ७८ आणि १५ सेंटिमीटरवर ८८ असे आकडे आले. फोनचा माइक यासाठी बनलेला नसल्यामुळे हे आकडे पक्के मानता येत नाहीत, पण एकाच फोनने दोन वस्तूंची तुलना करायला ते पुरतात. ८८ हा आकडा धरला तर तो मर्यादेच्या १३ डेसिबल वर आहे, आणि तीन-तीनच्या पायऱ्यांनी निम्मे करत गेले तर ४० तासांचे आठवड्याला जेमतेम दोन तास उरतात. ज्या मुलाला तो पियानो आवडतो ते मूल दोन तास दोन दिवसांतच वाजवून टाकेल. त्या पियानोला आवाज कमी करण्याचे बटण नव्हते. स्पीकरच्या जाळीवर जाड चिकटपट्टी लावली की आवाज काहीसा दबतो आणि त्यातली कर्कशता कमी होते, ही युक्ती मी करून पाहिली आणि फरक कानाला जाणवला. पण लहान मूल ती पट्टी नखाने उकलून तोंडात घालू शकते, म्हणून ती पट्टी काढून पियानो पुन्हा कपाटात ठेवला.

डिसेंबरच्या मध्यावर सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेला आमच्याकडचे बरेच लोक गेले होते. तिथून पत्र्याचा डमरू, प्लास्टिकचा खुळखुळा आणि घुंगरांची काठी अशी खेळणी घरी आली. ती सगळी मी आधी स्वतःच्या कानाशी नेऊन वाजवली. फोनवर डमरू आणि खुळखुळ्याचा आकडा जवळजवळ सारखाच येत होता, तरी डमरूचा प्रत्येक ठोका माझ्याही कानात सुईसारखा शिरत होता. याचे कारण नंतर समजले. असे ॲप आवाजाची थोड्या वेळाची सरासरी दाखवते, आणि पत्र्याचा ठोका इतका क्षणिक असतो की त्याचे शिखर त्या सरासरीत बुडून जाते. म्हणून टक, टिक, खण्ण असा आवाज करणाऱ्या वस्तूच्या बाबतीत आकड्यावर विसंबू नये. वस्तू स्वतःच्या कानापासून एका वितीवर धरून मूल वाजवेल तितक्या जोराने वाजवावी, आणि आपले डोळे मिटले गेले तर ती बाजूला ठेवावी. घुंगरांच्या काठीबद्दल दुसरीच अडचण होती. एकेक घुंगरू पातळ तारेने बांधलेले होते आणि ओढले की सुटत होते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटा भाग घशात अडकेल का, हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, आणि तिच्यात जो भाग पूर्ण मावतो तो नापास होतो. ते घुंगरू अशा नळीत सहज मावले असते.

जानेवारीत धुळ्याच्या बाजारात खेळण्यांची दुकाने पाहायला सुरुवात केली. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक लागू होते. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. बीआयएस केअर या ॲपमध्ये परवाना तपासण्याची सोय आहे. तिथे तो क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव, परवान्याची मुदत आणि त्यात कोणत्या वस्तू येतात ते दिसते. मी दुकानात उभी राहून हे करत असे, आणि एका डब्यावरच्या क्रमांकापुढे खेळण्याशी संबंध नसलेली वस्तू दिसली तेव्हा तो डबा परत ठेवला. हे चिन्ह वस्तूच्या धारा, रंगातले जड धातू, सुटे भाग यांबद्दल आपल्याला बरीच खात्री देते. तरीही ते सर्वसाधारण मुलासाठी आहे, आणि आमच्या मुलीला तो आवाज रुचेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. धातूच्या पट्ट्यांचा छोटा झायलोफोन परवान्यासह होता, दिसायलाही सुंदर होता, पण सोबतच्या कडक प्लास्टिकच्या काठीने पट्टीवर ठोका दिला की आधी टक्क असा कोरडा आवाज आणि मग बराच वेळ रेंगाळणारी बारीक किणकिण यायची. लाकडी पट्ट्यांचा तसाच झायलोफोन पुष्कळ सौम्य वाजला. मात्र त्यालाही काठी लागते, आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हातातली काठी कधीही डोळ्याजवळ जाऊ शकते, म्हणून तो आम्ही पुढच्या वर्षासाठी मनात ठेवला.

काठी नको, बॅटरी नको, धातू नको आणि आवाज खालच्या पट्टीचा हवा, असे सगळे नकार एकत्र केल्यावर तळहाताने वाजवायचे कातडी किंवा तत्सम पडद्याचे वाद्य उरते. आमच्या घरी माझ्या सासऱ्यांचा जुना चामड्याचा डफ खुंटीला असतो, त्यामुळे माझे लक्ष आधी तिकडे गेले. पण सासऱ्यांनीच त्यातली अडचण सांगितली. वाजवण्याआधी डफ आगटीवर शेकतात, कारण उष्णतेने चामडे ताणले जाते आणि आवाज चढा, कडक निघतो. खानदेशात मार्चपासून मे महिन्यापर्यंत कोरडी हवा आणि ऊन हेच काम न शेकता करतात, आणि पावसाळ्यात तेच चामडे ओलावून ढिले पडते. म्हणजे ज्या मुलीला दररोज एकसारखा, ओळखीचा आवाज मिळायला हवा, तिच्या हातातला डफ मोसमाप्रमाणे बदलत राहील आणि उन्हाळ्यात सर्वांत टोचेल. शिवाय ती डफ चाटणार, आणि चामड्यावर काय लावलेले असते ते आपल्याला माहीत नसते. या कारणांसाठी कृत्रिम पडद्याचा डफ घ्यायचा, असे ठरले.

वाद्यांच्या दुकानात तसे डफ मिळतात, पण बहुतेकांच्या कड्याला झांजांच्या जोड्या असतात, आणि आम्हाला नेमक्या त्याच नको होत्या. दुकानदार भाऊ झांजा काढून द्यायला तयार होते. मी त्यांना एका डफाच्या झांजा काढून दाखवायला सांगितले. झांज धरणारा खिळा निघाल्यावर कड्यात लांबट खाच उरली, तिच्या कडा खरखरीत होत्या आणि माझ्या करंगळीचे टोक तिच्यात अडकत होते. मुलीचे बोट तर पूर्ण आत गेले असते. म्हणून बिनझांजांचा, सलग कड्याचा डफ मागवायला सांगितला. आठ इंचांचा हवा, असे मी सांगितले, कारण सहा इंचांचा लहान हातांना सोपा असला तरी पडदा जितका लहान आणि ताठ तितकी पट्टी चढी, आणि दहा इंचांचा तिला मांडीवर पेलवला नसता. पाचशे रुपये किंमत ठरली, शंभर आगाऊ दिले, आणि माल बाहेरून येणार असल्यामुळे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत वाट पाहावी लागली. पावती मागून घेतली आणि तिच्यावर 'झांजांशिवाय, कृत्रिम पडदा, ८ इंच' असे लिहून घेतले, कारण तोंडी सांगितलेली गोष्ट माल येईपर्यंत बदलू शकते.

हा डफ वाद्य म्हणून विकला जातो, खेळणे म्हणून नाही. त्यामुळे त्यावर आयएसआय चिन्ह नव्हते आणि तपासणी आमची आम्हालाच करायची होती. कड्यावर जुना सुती मोजा फिरवला. धागा कुठे अडकला तर तिथे कूस आहे असे समजायचे. एका जागी अडकला, तिथे बारीक पॉलिश पेपर मारला. ओल्या पांढऱ्या कापडाने कडे आणि पडदा घासून रंग उतरतो का ते पाहिले. पडदा कड्याला खिळ्यांनी नव्हे तर चिकटवून बसवलेला आहे, याची खात्री केली. त्यानंतर आवाज ऐकला. डफाच्या मध्यावर तळहात सपाट पडला की 'धुम्' असा खालचा, गोल आवाज येत होता, पण काठाजवळ बोटे पडली की 'टक्' असा बारीक, तीक्ष्ण आवाज. लहान मूल कुठेही मारणार, म्हणून त्या टकचा बंदोबस्त करायला हवा होता. आत स्पंजचा तुकडा चिकटवावा, असे दुकानदारांनी सुचवले, पण डफ मागून उघडा असतो आणि मूल तो तुकडा उपटून तोंडात घालू शकते. माझ्या सासूबाईंनी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, तसे मऊ सुती धोतराचे दुहेरी झाकण शिवले, त्याच्या पट्टीत आतून इलॅस्टिक घातले आणि ते डफावर ताणून बसवले. कापड एवढे मोठे की घशात जाण्याचा प्रश्न नाही, आणि पडद्यावर पडणारा हात आधी कापडावर पडत असल्यामुळे आवाजाची धार पार बोथट झाली. त्याच फोनवर, १५ सेंटिमीटरवर, माझ्या हाताची थाप झाकणासह ७० च्या आसपास आली. मुलीचा हात माझ्यापेक्षा हलका, म्हणजे तिच्या कानापर्यंत याहूनही कमी पोचणार होते.

महाशिवरात्रीच्या आसपास डफ तिच्या समोर ठेवला. खोलीत फरशी आणि उघड्या भिंती असल्या की आवाज घुमतो, म्हणून खाली दोन गोधड्या अंथरल्या आणि पडदे ओढले. मॅडमनी सांगितले होते त्याप्रमाणे पहिले काही दिवस डफ वाजवायचाच नव्हता. तो नुसता तिच्या इतर वस्तूंमध्ये पडलेला असे, ती त्यावर भातुकली मांडायची, एकदा तर बाहुलीला त्यात झोपवले. या काळात सासूबाई नेहमीप्रमाणे तिच्या पाठीवर, मग स्वतःच्या मांडीवर, मग गोधडीवर थाप देत गात राहिल्या, आणि एक दिवस त्यांनी गाता गाता तीच थाप डफाच्या झाकणावर दिली. मुलगी थांबली, तिने डफाकडे पाहिले, सासूबाईंकडे पाहिले आणि हात कानांकडे नेले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिने स्वतः पहिली थाप मारली. तिच्या बाबांचे डोळे तेव्हा भरून आले होते, आणि मीही काही वेळ बोलू शकले नाही.

तिने लगेच ठेका धरावा, अशी अपेक्षा आम्ही ठेवली नव्हती. या वयात मूल गाण्याबरोबर हलते, पण बाहेरच्या ठेक्याला आपला हात नेमका जुळवणे त्याला अजून जमत नाही, आणि त्याची आपली गती मोठ्यांपेक्षा बरीच जलद असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना कधी माणसाबरोबर, कधी आपोआप वाजणाऱ्या यंत्राबरोबर आणि कधी नुसत्या स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाबरोबर ढोल वाजवायला दिला होता, आणि माणूस समोर बसून वाजवत असताना त्यांचा ठेका जास्त चांगला जुळला. आमच्या कपाटातल्या पियानोपेक्षा सासूबाईंची मांडी का सरस ठरली, ते मला हे वाचून कळले. म्हणून आम्ही एक पद्धत ठेवली. गती ती ठरवेल, आणि समोरचे माणूस तिच्या मागे जाईल. तिने चार थापा भराभर मारल्या तर सासूबाईही तशाच मारत, ती थांबली की त्याही थांबत. ती मुद्दाम थांबून त्यांच्या हाताकडे बघायची आणि तो थांबला की खुदकन हसायची. आवाज आपल्या सांगण्यावरून चालू आणि बंद होतो, हे तिला त्या थांबण्यातून समजले, असे मला वाटते.

तिला पुरे झाले आहे, हे ओळखण्याच्या खुणाही हळूहळू कळल्या. कान झाकणे ही फार उशिरा येणारी खूण आहे. त्याआधी ती पापण्या भराभर मिटते, खांदे वर उचलते किंवा डफ सोडून माझ्या पदरात तोंड घालते. यातले काही दिसले की डफ गोधडीखाली जातो. एप्रिलमध्ये सासऱ्यांचे भजनी मंडळ घरी बसले होते, तेव्हा टाळ सुरू होताच तिने खांदे उचलले, म्हणून आम्ही तिला मागच्या खोलीत नेले आणि मधला दरवाजा उघडा ठेवला. तिथून टाळांचा आवाज पातळ होऊन येत होता आणि पखवाजाचा घुमारा मात्र स्पष्ट होता. ती गोधडीवर बसून तो ऐकत राहिली आणि थोड्या वेळाने तिने डफ मागितला.

एप्रिलच्या शेवटी झाकणाचे दुहेरी कापड एकेरी केले. मे महिन्यात, धुळ्याला कडक ऊन पडलेले असताना, ते दिवसातून थोडा वेळ काढून पाहिले. सासऱ्यांच्या चामड्याच्या डफाचा आवाज तेव्हा खूपच चढला होता, आणि तिच्या डफाचा फेब्रुवारीत होता तसाच राहिला होता. उघड्या डफाच्या काठावरचा 'टक्' आवाज तिला अजून आवडत नाही, पण त्याला तिने स्वतःच उपाय शोधला आहे. ती तळहात मध्यावर नेते.

दरम्यान दुसऱ्या हातासाठी एक लहान खुळखुळाही घेतला. घरी बाटलीत ज्वारी किंवा बाजरी भरून तो करता येतो, असे अनेक जण सुचवतात, पण बाटलीचे झाकण सुटले तर दाणे नाकात, कानात, श्वासनलिकेत जाऊ शकतात, म्हणून आम्ही तो मार्ग टाळला. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगातली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. कातावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी धरून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतात. तिथला बंद अंड्याच्या आकाराचा, कुठेही जोड न दिसणारा खुळखुळा तीनशे रुपयांना टपालखर्चासह मागवला. आत काय भरले आहे, त्यावर आवाज अवलंबून असतो. मोठे खडे असतील तर खडखड होते, बारीक दाणे असतील तर सुपात धान्य पाखडल्यासारखी सळसळ येते. विक्रेत्याला मागवण्याआधी आवाजाची चित्रफीत पाठवायला सांगितले आणि ती ऐकूनच पैसे भरले.

सगळा खर्च डफाचे पाचशे, खुळखुळ्याचे तीनशे, केसपेपर आणि प्रवास इतकाच झाला. तपासण्यांचे पैसे लागले नाहीत. डफाचे झाकण दर आठवड्याला साध्या साबणाने धुते, दर महिन्याला कड्यावर मोजा फिरवते आणि पडद्याची कड कुठे उचलली गेली आहे का ते नखाने तपासते, कारण तिने आता डफावर उभे राहून पाहायलाही सुरुवात केली आहे. जूनमध्ये सहा महिन्यांची फेरतपासणी आहे. मॅडमनी डफ सोबत आणायला सांगितला आहे, म्हणून केसपेपर, लसीकरणाचे कार्ड आणि डफ एकाच पिशवीत भरून ठेवले आहेत.